कोरडं तळघर

पाऊस लागला की आमच्या घरात सगळ्यात आधी बाबा गप्प व्हायचे. पावसाचा आणि त्यांच्या पायाचा संबंध बाहेरच्या माणसाला कळला नसता. आम्हाला तो पाठ झाला होता: पाऊस आला की तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी, पाणी आलं की लिफ्ट बंद, लिफ्ट बंद की बाबांचा व्यायाम बुडाला.

बाबा म्हणजे माझे सासरे. मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि त्यांचं उजवं अंग लुळं पडलं, शब्द तुटक झाले. तेव्हापासून ते आमच्याकडे असतात. फिजिओथेरपीचं केंद्र फार लांब नाही, पण आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो आणि जिने उतरणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "पहिलं वर्ष सोडू नका. जे परत येणार आहे, त्यातलं बरंचसं याच काळात येतं." त्या वर्षातला अर्ध्याहून जास्त भाग संपला होता. उरलेला पावसाच्या मर्जीवर चालला होता.

लिफ्टचा खड्डा तळघराच्या जमिनीपेक्षाही खोल असतो. त्यामुळे पाण्याचा पहिला मुक्काम तिथेच. खड्ड्यातल्या वायरी आणि स्विच भिजले तर लिफ्ट जायबंदी होते, म्हणून पाणी दिसलं की लिफ्टवाला तिचा पाळणा, म्हणजे माणसं उभी राहतात तो डबा, वरच्या मजल्यावर नेऊन बंद करून टाकायचा. मग पंप लावायचा, पाणी उपसायचं, खड्डा सुकायची वाट बघायची. तोवर बाबा खिडकीत. हातात रबरी चेंडू. मी सांगितलं तर दाबायचे, नाही सांगितलं तर नुसता धरून बसायचे.

"आपण इथेच करू ना व्यायाम," मी म्हणायची.

"इथे... खुर्ची," ते म्हणायचे. म्हणजे इथे फक्त खुर्ची आहे. तिथे दोन्ही बाजूंना धरायला दांड्या होत्या, आणि त्यांच्यामधून बाबा चालायचे. सात-आठ पावलं का होईना, चालायचे.

बिल्डरला पत्र लिहायचं ठरलं तेव्हा ते काम माझ्याकडे आलं, कारण सोसायटीच्या अध्यक्षबाईंच्या मते मी "घरीच असते". तळमजल्यावर राहणाऱ्या या बाई सगळ्यांच्या काकू होत्या. मनाने चांगल्या, जिभेने मोकळ्या. घरी असणं म्हणजे काय हे त्यांना सांगायला मला वेळ नव्हता, कारण मी घरी होते. माझी लहान लेक झोपली की लिहायला बसायचं, ती कुशीवर वळली की पेन खाली ठेवायचं, असं करत पत्र पूर्ण झालं. तळघराच्या भिंती जिथे जमिनीला टेकतात तिथून पाणी झिरपतं, भिंतींवर क्षाराचे पांढरे पोपडे आलेत, पाऊस मोठा झाला की गाड्यांची चाकं बुडतात, लिफ्ट बंद पडते. करारातली दोषदुरुस्तीची मुदत या हिवाळ्यात संपते, त्याआधी दुरुस्ती करून द्यावी. सोबत फोटो जोडले.

उत्तर लवकर आलं. कंपनीचे इंजिनिअर येत्या गुरुवारी पाहणीला येतील.

मी खूश झाले, आणि लेकीला ताप आला म्हणून त्या आठवड्यात घराबाहेर पडले नाही. गुरुवारी इंजिनिअर आले तेव्हा त्यांच्याबरोबर लिफ्टने खाली गेले. दार उघडलं आणि मला वाटलं, आपण चुकीच्या इमारतीत उतरलो.

तळघर लखलखत होतं. फरशी कोरडी ठणठणीत. कोपऱ्यातली जुनी खोकी, फुटक्या बादल्या गायब. आणि भिंती खालपासून वरपर्यंत नव्या कोऱ्या पांढऱ्या, कमरेएवढ्या उंचीवर निळा पट्टासुद्धा. रंगाचा वास अजून हवेत होता. काकू साडीचा पदर खोचून रॅम्पच्या पायथ्याशी उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा कौतुकाची वाट बघत होता.

"या, साहेब, या. आता जरा बघण्यासारखं झालंय. आधी बघवत नव्हतं हो."

इंजिनिअर चष्मा पुसत म्हणाले, "पत्रात तर तळं झालंय असं लिहिलं होतं."

"होतंच ना. दोन दिवस पंप चालवला, तेव्हा कुठे सुकलं. मग म्हटलं, माणसं येणार, त्यांना असल्या घाणीत उभं करायचं?"

मी काकूंकडे बघत राहिले. त्यांना खरंच कळलेलं नव्हतं. कुणी येणार म्हटलं की पलंगाखालचा पसारा ओढून काढणारी, पडदे धुणारी बाई. तिच्या घरी आजवर जो कुणी आला, तो बघायला आला होता. तपासायला कुणी आलं नव्हतं.

"ओल या रंगाच्या मागे आहे," मी म्हणाले.

"असेल," इंजिनिअर म्हणाले. वाईट बोलत नव्हते. त्यांनी भिंतीला तळवा लावला, एक-दोन ठिकाणी बोटाच्या पेराने ठोकलं, फोटो काढले. "पण ताई, मला जे दिसतं तेच मी लिहिणार. न दिसलेलं लिहिलं तर उद्या माझंही कुणी ऐकायचं नाही."

आठवड्याभरात कंपनीचं पत्र आलं. पाहणीत तळघर कोरडे आढळले. गळतीची चिन्हे नाहीत. पूर्वी साचलेले पाणी रॅम्पवरून आले असावे. रॅम्पच्या पायथ्याची जाळीची गटार साफ ठेवणे ही रहिवाशांची जबाबदारी आहे. कळावे.

त्यानंतर पाऊस सलग लागला. काकूंचा निळा पट्टा खालून फुगायला लागला, जाळीत पाणी बुडबुडलं, लिफ्ट वर जाऊन थांबली. बाबांचा अख्खा आठवडा वाया गेला. पुन्हा केंद्रात गेलो तेव्हा ते दांड्यांमध्ये उभे राहिले आणि पाऊल उचललंच जाईना. थेरपिस्ट बाई म्हणाली, "काही हरकत नाही, आजोबा, पुन्हा पहिल्यापासून." परत येताना गाडीत बाबांनी बाहेर बघत एकच शब्द म्हटला.

"पहिल्यापासून."

माझा नवरा गाडी चालवत होता. आरशात आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती काढून घेतली. घरी आल्यावर तो म्हणाला, "आपण घर बदलू या. खालचं बघू कुठेतरी."

"हे विकायला कोण घेईल? तळघर दाखवशील त्यांना?"

"काकूंना सांगू, रंगवून देतील," तो म्हणाला, आणि आम्ही कितीतरी दिवसांनी हसलो. हसू ओसरल्यावर मात्र तो प्रश्न तसाच समोर उभा राहिला.

एका गोष्टीकडे माझं लक्ष गेलं ते लेकीमुळे. तिची बाबागाडी आम्ही खालीच ठेवायचो. पाऊस थांबून स्वच्छ ऊन पडलं होतं, त्या दिवशी मी तिला कडेवर घेऊन जिन्याने गाडी आणायला उतरले. रॅम्प वाळून पांढरा पडलेला. पायथ्याच्या जाळीवर वाळकी पानं, पाणी थेंबभर नाही. आणि लिफ्टच्या बाजूची जमीन मात्र घोट्याएवढ्या पाण्यात. वीज गेली होती म्हणून एरवी चालू असणारा पंप रात्रभर बंद होता, एवढंच निमित्त. लेक पाण्याकडे हात करून खिदळत होती. मी रॅम्पकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, मोबाइलवर दोन्हीचे फोटो काढले. वरून येत नसेल तर मग ते फक्त खालूनच येत होतं.

मी काकूंच्या घरी बैठक बोलवायला सांगितली. बैठक म्हणजे काकू, दुसऱ्या मजल्यावरचे वकील, आणि लेकीला मांडीवर घेतलेली मी. बाकीचे नेहमीप्रमाणे "तुम्ही ठरवाल ते" म्हणून मोकळे झाले होते.

"पुन्हा पत्र लिहू," मी म्हणाले. "यात खरं ते लिहू. तुमचा माणूस येणार म्हणून आम्हीच पाणी उपसलं, आम्हीच भिंत रंगवली."

वकिलांनी चहाचा कप खाली ठेवला. "असं लेखी द्यायचं? म्हणजे आपणच त्यांच्या हातात कोलीत द्यायचं. उद्या म्हणतील, रंगामुळेच भिंत खराब झाली."

"मग काय लिहायचं?"

"कडक नोटीस. मी देतो लिहून. नुकसानभरपाई, मानसिक त्रास, सगळं."

"आणि ते म्हणतील, पाहणी केली, कोरडं होतं."

"मग आपण कोर्टात जाऊ."

"बाबांचं वर्ष कोर्टात जाईल," मी म्हणाले.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "म्हणजे माझ्यामुळे झालं की," त्या हळूच म्हणाल्या. "मला कुणी आधी सांगायचं तरी. मी आपली स्वच्छता करायला गेले."

"काकू, तुम्ही पाणी आणलं नाहीत. ते आधीपासून होतं."

"पण लपवलं तर मीच ना." त्यांचे डोळे भरले आणि त्यांना ते आवडलं नाही. चष्मा काढून रागारागाने पुसत त्या वकिलांना म्हणाल्या, "लिहू द्या हो तिला. खोटं काय आहे त्यात? माझी सही पाहिजे तर माझी घ्या."

वकील म्हणाले, सोसायटीच्या नावाने असं पत्र जाऊ नये, असं त्यांचं मत नोंदवावं. मग मी घरमालक म्हणून माझ्या नावाने लिहिलं. खाली माझी सही, शेजारी काकूंची.

"विषय: तळघरातील पार्किंगमध्ये जमिनीखालून होणारी गळती व साचणारे पाणी, आणि त्याच्या दुरुस्तीची मागणी.

महोदय,

आपल्या इंजिनिअरना तळघर कोरडे आढळले, हे बरोबर आहे. ते आम्ही कोरडे केले होते. पाहणीच्या आधी दोन दिवस पंप चालवला आणि भिंतींना रंग दिला. यामागे फसवण्याचा हेतू नव्हता. घरी कुणी येणार असले की आम्ही आवरतो, तसेच हे आवरले. पण त्यामुळे आपल्याला जे दिसायला हवे होते ते दिसले नाही, याची जबाबदारी आमची आहे.

आपण म्हणता पाणी रॅम्पवरून येते. गेल्या आठवड्यात ऊन होते, रॅम्प आणि गटार कोरडे होते, तरी पंप बंद राहिल्याने तळघरात पाणी चढले. सोबत त्याच वेळेचे रॅम्पचे आणि पाण्याचे फोटो आहेत. तरीही फोटोंवर विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. आपण पाऊस नसलेल्या दिवशी यावे. आम्ही आपल्यासमोर पंप बंद करू. पाणी आले नाही तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही. आले, तर ते कुठून येते ते शोधून, मुदत संपण्याआधी आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यावे.

घाईचे कारण असे की या पाण्याने लिफ्ट बंद पडते, आणि माझ्या घरात एक माणूस पुन्हा चालायला शिकतो आहे."

शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं होतं. पत्रात घरातलं माणूस कशाला, असं वाटत होतं. मग राहू दिलं.

उत्तराऐवजी इंजिनिअरांचा फोन आला. मी लेकीला भरवत होते.

"पत्र वाचलं," ते म्हणाले. "आम्हाला लोक फोटो पाठवतात, शिव्या पाठवतात. आपणच रंग लावला म्हणून कुणी पाठवत नाही." मग म्हणाले, "साहेबांनी परवानगी दिली. पण तुम्ही एका गोष्टीचा विचार केलाय का? पंप बंद ठेवला की खड्डा भरेल. लिफ्ट आधीच वर नेऊन बंद ठेवावी लागेल. आणि गळती निघाली तर खड्डाही आतून दुरुस्त करावा लागेल. तेवढे दिवस लिफ्ट बंद. दोन आठवडे धरा. कदाचित जास्त."

मी विचार केला नव्हता. हातातला चमचा तसाच राहिला आणि लेकीने तोंड पुढे करून तो स्वतःच गाठला.

बाबांना सांगायला मी संध्याकाळपर्यंत थांबले. त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं, घाई न करता. मागितलेली दुरुस्ती मिळाली तरी तीच दोन आठवडे त्यांना वर अडकवणार होती. आणि एका आठवड्याने काय होतं, हे त्या दांड्यांमध्ये आम्ही दोघांनीही पाहिलं होतं.

"नको म्हणालात तर नको," मी म्हणाले. "आपण पंप वाढवून घेऊ. दुसरं काही करू."

त्यांनी बराच वेळ शब्द शोधला. मी मध्ये पुरवला नाही. पुरवलेला शब्द त्यांना आवडत नाही.

"मी... खाली राहीन."

"खाली कुठे, बाबा?"

"कुठेही. खाली."

हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "कुठेही काय? माझी मागची खोली कुणासाठी ठेवलीये? एक पायरी आहे दारात, तिच्यावर फळी टाकते. आणि हे बघ, आवरणार नाही हं मी. आहे तशी देते."

ठरलेल्या दिवशी ऊन होतं. बाबांना आम्ही सकाळीच लिफ्टने खाली आणून काकूंकडे सोडलं, मग लिफ्टवाल्याने पाळणा वर नेऊन बंद केला. गाड्या रस्त्यावर गेल्या. इंजिनिअरांनी रॅम्प पाहिला, गटारीची जाळी उचलून आत हात घातला, कोरडा हात सगळ्यांना दाखवला. पिण्याच्या पाण्याची टाकी इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणजे पाणी तिचं नाही, हेही चालत जाऊन बघून आले. मग पंप बंद केला.

बाबांनी तळघरात यायचा हट्ट धरला. नवऱ्याने चाकाची खुर्ची रॅम्पवरून उलटी, सावकाश उतरवली. लेक त्यांच्या मांडीवर. आम्ही सगळे भिंतीसमोर बसलो, पुढ्यात काही कार्यक्रम सुरू होणार असावा तसे. वकीलही आले होते, चकचकीत बुटांत, "नुसतं निरीक्षक म्हणून".

बराच वेळ काही झालं नाही. काकूंनी दोनदा घड्याळ पाहिलं. मला वाटायला लागलं, आज येणारच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी पाणी यावं म्हणून वाट बघत होते, आणि ते आलं तर बाबा दोन आठवडे घरापासून लांब, हेही त्याच क्षणी मनात होतं.

मग लिफ्टच्या बाजूला भिंत आणि जमीन मिळते तिथे एक गडद रेघ उमटली. आधी केसासारखी, मग बोटभर रुंद. निळ्या पट्ट्यावर जुने फुगे होतेच, त्यातला एक ताणून चकाकायला लागला. इंजिनिअर उकिडवे बसले, बोटाने फुगा दाबला. रंगाची साल फाटली आणि मागून पाण्याची बारीक धार त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली.

"हा सांधा आहे," ते म्हणाले. "आधी तळाचं काँक्रीट ओततात, मग त्यावर भिंत. दोघांच्या मध्ये पाणी अडवणारी पट्टी नीट बसली नसणार. बाहेर जमिनीत पाणी भरलेलं आहे, ते इथून ढकलतंय." खिशातून खडू काढून त्यांनी जिथे जिथे ओल फुटली तिथे भिंतीवर खुणा केल्या. खुणा वाढत गेल्या. लिफ्टच्या खड्ड्यात विजेरी मारली तर तळ दिसेनासा झाला होता.

"मग आता?" काकूंनी विचारलं.

"सांध्याच्या कडेने तिरकी भोकं पाडायची, नळ्या बसवायच्या, आणि दाबाने रसायन भरायचं. ते पाण्याला लागलं की फुगतं आणि वाट बंद करतं. पाणी वाहतं आहे तोवरच करायला हवं, म्हणजे कुठे पोचलं ते कळतं. मग खड्ड्याला आतून लेप."

"तर मग रंग..."

"रंग खरवडायचा, काकू. सगळा."

पाणी पसरत वकिलांच्या बुटांपर्यंत आलं होतं; ते मागे सरकले, पण उशीर झाला होता. त्यांनी एक बूट काढून त्यातलं पाणी ओतलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "निरीक्षण पुरेसं झालं." बाबा हसले. आवाज करून, तिरक्या ओठांनी, मोठ्याने. लेकीने मान वळवून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तीही हसायला लागली.

काम सांगितल्यापेक्षा लांबलं. सगळं मधासारखं गोड झालं असं म्हणणार नाही. पहिल्या भरणीनंतर पाणी शेजारच्या कोपऱ्यातून निघालं आणि तिथेही भोकं पाडावी लागली. कंपनीचं एक पत्र आलं, की दुरुस्ती त्यांच्या खर्चाने, पण रंग खरवडण्याचा खर्च आमचा; तो काकूंनी हट्टाने स्वतः दिला. मी दिवसातून कितीदा पाच मजले उतरायची आणि चढायची, कडेवर लेक आणि पिशवीत बाबांचे धुतलेले कपडे. बाबांना आमची सवय, आम्हाला त्यांची. संध्याकाळी वर जाताना जिन्यात माझे पाय जड व्हायचे ते फक्त चढामुळे नव्हते.

पण त्या काळात त्यांचा एकही व्यायाम बुडाला नाही. काकूंच्या दारातली ती एक पायरी, तिच्यावरची फळी एक दिवस बाबांनी काठीने बाजूला सरकवली. काकू घाबरून धावल्या. "अहो, पडाल."

"धरा," बाबा म्हणाले. आणि काकूंनी धरलं.

शेवटी इंजिनिअरांनी पुन्हा पंप बंद करून दिवसभर वाट पाहिली. भिंत करडी, ठिपक्याठिपक्यांची, भोकं बुजवलेल्या जागी खरखरीत. काकूंनी विचारलंच, "आता तरी रंग लावू?"

"एक पावसाळा थांबा. पुन्हा ओल आली तर दिसली पाहिजे."

काकू त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मनाविरुद्ध होतं त्यांच्या. तरी मान हलवली.

बाबा वर आले त्यानंतरच्या व्यायामाच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. खिडकीच्या काचेवरून पाणी वाहत होतं, समोरचा रस्ता दिसत नव्हता. बाबा खुर्चीत गप्प बसले. मी एकटी खाली गेले. तळघरात रॅम्पचं पाणी उपसायला पंप मधूनमधून चालत होता, रॅम्पच्या गटारीत पाणी खळाळत होतं, जसं खळाळायला हवं तसं. भोकं बुजवलेल्या खरखरीत जागांवरून हात फिरवला. गार होत्या, ओल्या नव्हत्या. खड्ड्यात विजेरी मारली. तळ दिसला.

वर येऊन मी दार उघडलं. बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. काठी टेकून ते स्वतःच उठले.

"छत्री," ते म्हणाले, "घे."